अडीच टक्केच वाढवायचे होते, तर एकदम का नाही वाढवले?

४ मे २०२२, बुधवार. आदल्या दिवशी अक्षय्य तृतीया आणि ईद एकत्र आल्याने बाजार बंद होता. बुधवारी सकाळपासून आमच्या ऑफिसात एकच विषय चालू होता, एलआयसीचा आयपीओ. तो त्याच दिवशी उघडला होता. दुपारी दोनला रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर शक्तिकांत दास अचानक पडद्यावर आले. पतधोरण समितीची ठरलेली बैठक जूनमध्ये होती, त्यामुळे त्या दिवशी कोणालाच काही अपेक्षित नव्हतं. बँका रिझर्व्ह बँकेकडून ज्या दराने पैसे उसने घेतात, तो रेपो दर ४ टक्क्यांवरून ४.४० झाला. सेन्सेक्स त्या दिवशी १,३०७ अंकांनी पडून बंद झाला.

संध्याकाळी भाच्याचा फोन आला. त्याने मार्चमध्येच कल्याणला टू बीएचके घेतला होता. पन्नास लाखांचं कर्ज, वीस वर्षं, ७ टक्के, हप्ता ३८,७६५ रुपये. "मामा, आता किती वाढणार?" मी म्हटलं, "आज पाव टक्क्याहून जरा जास्त वाढलंय. पण हे इथे थांबणार नाही." पुढे जूनमध्ये अर्धा टक्का, ऑगस्टमध्ये अर्धा, सप्टेंबरअखेर आणखी अर्धा, डिसेंबरमध्ये ०.३५ आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये पाव टक्का अशी वाढ होत गेली. दर साडेसहावर पोचला आणि एप्रिलमध्ये थांबला. तेव्हा त्याने वैतागून विचारलं, "अडीच टक्केच वाढवायचे होते ना? मग एकदाच वाढवून मोकळं व्हायचं. दर दोन महिन्यांनी जीव टांगणीला कशाला?"

प्रश्न रास्त आहे. अर्थशास्त्रातही तो जुनाच आहे. जगातल्या बहुतेक मध्यवर्ती बँका असंच करतात. एका दिशेला लहान लहान पावलं टाकत जायचं, शक्यतो मध्येच उलट फिरायचं नाही, आणि मोठी उडी फक्त आणीबाणीसाठी राखून ठेवायची. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने २००४ ते २००६ मध्ये पाव-पाव टक्क्याची सतरा पावलं लागोपाठ टाकली आणि दर १ वरून ५.२५ वर नेला.

भाच्याच्या प्रश्नातली एक गोष्ट आधी बाजूला काढू. 'अडीच' हा आकडा त्याला मागाहून कळला. मे २०२२ मध्ये तो कोणाकडेच नव्हता, रिझर्व्ह बँकेकडेही नाही. एप्रिलमध्ये बँकेचा त्या आर्थिक वर्षाच्या महागाईचा अंदाज ५.७ टक्के होता. जूनमध्ये तोच ६.७ झाला. म्हणजे दोन महिन्यांत बँकेचा स्वतःचा अंदाज पूर्ण एक टक्क्याने सरकला. युक्रेनचं युद्ध, खाद्यतेल, क्रूड, उन्हाने करपलेला गहू यांची माहिती एका दिवशी एका पाकिटात येत नाही. ती येत गेली, तसा दर वाढत गेला. म्हणजे हळू चालण्याचा काही भाग म्हणजे निव्वळ बातम्या हळू येणं.

अमेरिकी अर्थतज्ज्ञ ग्लेन रुडबुश यांनी २००२ मध्ये नेमकं यावरच बोट ठेवलं. तोवर आकडेवारीवरून असं मांडलं जात होतं की फेड दर तिमाहीला हव्या असलेल्या दराकडे साधारण एक पंचमांश अंतर चालते. म्हणजे नवा दर = ०.८ × जुना दर + ०.२ × हवा असलेला दर. रुडबुश म्हणाले, बँक मुद्दाम इतकी हळू चालत असेल, तर पुढच्या सहा-नऊ महिन्यांतली पावलं बाजाराला आधीच ओळखता यायला हवीत. पण व्याजदरांच्या वायद्यांत, म्हणजे पुढच्या दरांवर आज होणाऱ्या सौद्यांत, तेवढी दूरची ओळख दिसत नाही. तीनेक महिन्यांपलीकडे बाजार चाचपडतच असतो. वाद अजून संपलेला नाही. माझं मत विचाराल तर दोन्ही खरं आहे. बातम्याही हळू येतात आणि बँकाही मुद्दाम हळू चालतात. या लेखात मला त्या 'मुद्दाम'बद्दलच बोलायचं आहे.

पहिलं कारण, आपला हात किती जड आहे हे बँकेलाच नीट माहीत नसतं.

समजा महागाई २ टक्क्यांनी खाली आणायची आहे. अनुभव सांगतो की दर १ टक्का वाढवला की महागाई सरासरी अर्धा टक्का उतरते. सरळ हिशोब केला तर ४ टक्के वाढवायचे आणि काम फत्ते. पण तो 'अर्धा' म्हणजे सरासरी आहे. कधी परिणाम ०.२ इतका फुसका निघतो, कधी ०.८ इतका जबर. ४ टक्के वाढवल्यावर महागाई एक तर ०.८ ने उतरेल, नाहीतर ३.२ ने. दोन्हीकडे चूक १.२ ची. आता ३ टक्केच वाढवून पाहा. महागाई ०.६ ने उतरेल किंवा २.४ ने. एकीकडे चूक १.४, दुसरीकडे फक्त ०.४. चूक दुप्पट झाली की दुखणं चौपट होतं असं धरू. महागाई आणि रोजगार यांच्या बाबतीत अर्थशास्त्रज्ञ सहसा तसंच धरतात. मग चुकांचे वर्ग करून सरासरी काढली तर चार टक्क्यांच्या वाटेवर १.४४ येते आणि तीन टक्क्यांच्या वाटेवर १.०६. म्हणजे गणिताने मागितलेल्यापेक्षा कमी करणं हेच शहाणपणाचं ठरतं. विल्यम ब्रेनर्ड यांनी १९६७ मध्ये हे मांडलं. कारण सोपं आहे. परिणाम नक्की ठाऊक नसेल तर पाऊल जितकं मोठं, तितकी अनिश्चितताही मोठी होते.

इथे बरेच लेख घाई करतात आणि म्हणतात, 'म्हणून लहान पावलं.' ब्रेनर्डच्या हिशोबाने एवढंच सिद्ध होतं की एकूण अंतर थोडं कमी चाला. ते तुकड्यांत चाला असं तो सांगत नाही. तुकडे येतात ते त्यात शिकणं मिसळल्यावर. अर्धा टक्का वाढवला, दोन महिने थांबून बँकांनी कर्जं किती महाग केली, मागणी किती हलली ते पाहिलं, तर तो 'हात' ०.२ चा आहे की ०.८ चा याचा थोडा तरी अंदाज येतो. एकाच दिवशी चार टक्के वाढवून टाकले, तर शिकण्यासारखं बरंच मिळेल, पण वापरायला वाव उरणार नाही.

आणि हात सगळीकडे सारखा जड नसतो, हे भाच्याच्या कर्जावर फार छान दिसतं. ऑक्टोबर २०१९ पासून नवी तरत्या दराची घरकर्जं बाहेरच्या एखाद्या दराशी बांधलेली असतात. बहुतेक बँकांनी त्यासाठी रेपोच निवडला. त्यामुळे रेपो वाढला की फार तर तीन महिन्यांत कर्जाचा दर तेवढाच वाढतो. वाढ झाली की बँका शक्यतो हप्ता तोच ठेवतात आणि मुदत लांबवतात. मधल्या काळात फिटलेलं किरकोळ मुद्दल सोडून देऊ आणि ३८,७६५ चा हप्ता तसाच धरून चालू. ७ टक्क्यांना मुदत २४० महिने. ७.४० ला ती २५८ होते, म्हणजे दीड वर्ष वाढलं. चिडचिड होते, पण चालतं. ७.९० ला २८८ महिने. ८.४० ला ३३४. ८.९० ला सुमारे ४२५ महिने, म्हणजे पस्तीस वर्षं. पुढचं पाऊल फक्त ०.३५ चं होतं, पण ९.२५ टक्क्यांना हीच मुदत ६७१ महिन्यांवर जाते, म्हणजे छप्पन्न वर्षं. आणि ९.५० ला? पन्नास लाखांवर महिन्याचं नुसतं व्याजच ३९,५८३ रुपये होतं. हप्ता त्याहून कमी आहे. कर्ज फिटत तर नाहीच, उलट वाढतं.

बघा, पहिल्या पावलाने दीड वर्ष वाढवलं आणि शेवटून दुसऱ्याने, त्याहून लहान असूनही, वीस वर्षं. दरातली सारखी वाढ घराघरांत सारखी उतरत नाही. एका मर्यादेनंतर ती एकदम चावते. प्रत्यक्षात बँक निवृत्तीच्या वयापलीकडे मुदत नेत नाही, त्यामुळे मध्येच कधीतरी हप्ता वाढवावाच लागतो. अडीच टक्के वाढीनंतर वीस वर्षांच्या मुदतीचा पुरा हप्ता ४६,६०७ रुपये होतो, म्हणजे महिन्याला जवळपास ७,८०० जास्त. भाच्याने पहिल्या दोन वाढींना मुदत लांबू दिली आणि तिसरीनंतर मला विचारून हप्ता वाढवून घेतला. तेवढी उसंत त्याला मिळाली. पुष्कळांची मुदत मात्र त्यांच्या नकळत लांबली होती. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा, आणि हप्त्यातून निदान व्याज तरी भागतंय ना ते पाहा.

आता दुसरं कारण. मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं आणि गंमतही त्यातच आहे.

दादरला संध्याकाळी उभे राहून पाहा. 'कर्जत फास्ट अमुक नंबरवर येत आहे' अशी घोषणा झाली की गर्दी लगेच जिन्याकडे धावते. गाडी अजून परळच्या अलीकडे असते. माणसं हलतात ती घोषणेने, गाडीने नव्हे. रोखे बाजार तसाच आहे.

रेपो हा फार थोड्या मुदतीचा दर आहे, बँका रिझर्व्ह बँकेकडून उसने घेतात त्याचा. कारखाना टाकणारी कंपनी किंवा केंद्र सरकार दहा-दहा वर्षांसाठी पैसा उचलतं. त्यांना फरक पडतो तो दहा वर्षांच्या दराने. आणि दहा वर्षांचा दर म्हणजे ढोबळमानाने पुढच्या दहा वर्षांतल्या छोट्या मुदतीच्या दरांची अपेक्षित सरासरी, अधिक पैसा इतका काळ अडकवण्याचा थोडा मोबदला. हा मोबदला आपण १ टक्का धरू.

मे २०२२ ला हे लावून पाहा. रेपो ४.४० झाला. तो कायम तिथेच राहील असं बाजाराला वाटलं असतं, तर दहा वर्षांचा दर ५.४० च्या आसपास असायला हवा होता. पण बाजाराने समजा असं गृहीत धरलं की वर्षभरात हा दर साडेसहापर्यंत चढेल आणि तिथेच राहील. मग पहिल्या वर्षाची सरासरी साडेपाच आणि उरलेल्या नऊ वर्षांची साडेसहा, म्हणजे दहा वर्षांची ६.४०. त्यात १ मिळवा, ७.४०. त्या बुधवारी दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा परतावा बंद झाला तो ७.३८ ला. आकडे इतके जुळले यात माझ्या सोयीच्या गृहीतकांचा हात आहे, हे कबूल. आणि आदल्या सत्रातही तो ७.१२ होताच, म्हणजे बाजार आधीपासूनच जिन्याकडे सरकलेला होता. पण पुढची गोष्ट गृहीतकांवर अवलंबून नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये, रेपो खरोखरच साडेसहावर गेल्यानंतर, हाच परतावा ७.३ टक्क्यांच्या आसपास होता. मध्ये जूनमध्ये तो ७.६ पर्यंत जाऊन आला. म्हणजे रेपो आणखी २.१० टक्क्यांनी चढला, तरी दहा वर्षांचा दर जवळजवळ तिथल्या तिथे. दीर्घ मुदतीचा सगळा प्रवास बाजाराने पहिल्या पावलाच्या आसपासच उरकून घेतला होता.

भाच्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. लहान पाऊल लहान नसतं. 'यामागून आणखी येणार आहेत' हा भरवसा त्याच्या पाठीशी असतो, आणि काम तो भरवसाच करतो. अर्थतज्ज्ञ मायकेल वुडफर्ड यांची मांडणी हीच आहे. बँक दिशा सहसा बदलत नाही अशी तिची ख्याती असेल, तर ती आजचा दर थोडासाच हलवून लांबचे दर बरेच हलवू शकते. भाच्यासारख्या तरत्या दराच्या कर्जदाराला ही फायद्याची गोष्ट आहे, कारण त्याचं कर्ज त्या त्या वेळच्या प्रत्यक्ष रेपोवर चालतं. सरकार आणि मोठ्या कंपन्यांना मेमध्येच महाग पैसा घ्यावा लागला, त्याला मात्र टप्प्याटप्प्याने.

एकदम अडीच टक्के वाढवले असते तर? बाजाराने दोनपैकी एक अर्थ काढला असता. एक म्हणजे बँकेला असं काहीतरी भयंकर दिसतंय जे आपल्याला दिसत नाही. नाहीतर झालं ते झालं, आता यापुढे दर उतरणारच. पहिल्या अर्थाने घबराट होते, दुसऱ्याने लांबचे दर वाढतच नाहीत. कोणता अर्थ निघेल हे बँकेच्या हातात राहत नाही.

आपल्याकडे मोठी उडी झाली आहे. जुलै २०१३ मध्ये अमेरिकेतला पैसा परत जाऊ लागला आणि डॉलर ६० रुपयांच्या आसपास पोचला. १५ जुलैला रिझर्व्ह बँकेने रेपो ७.२५ वरच ठेवला, पण बँकांच्या शेवटच्या आधाराची खिडकी, म्हणजे मार्जिनल स्टँडिंग फॅसिलिटी, ८.२५ वरून थेट १०.२५ केली आणि रेपोतून मिळणाऱ्या पैशालाही मर्यादा घातली. रुपया विकून डॉलरवर डाव लावणाऱ्यांना उसना पैसा एका रात्रीत महाग पडावा, हा हेतू होता. अशा वेळी हळू चालून उपयोग नसतो. दर महिन्याला अर्धा टक्का वाढवू असं सट्टेबाजाला सांगितलं, तर तो पहिल्याच महिन्यात काम उरकून निघून जातो. तरीही ऑगस्टअखेरीस डॉलर ६८ च्या पुढे गेलाच, आणि मधल्या काळात अल्प मुदतीचे दर दीर्घ मुदतीच्या दरांपेक्षाही वर गेले. सप्टेंबरात रघुराम राजन आले. ती खिडकी ९.५०, मग ९, मग ऑक्टोबरअखेर ८.७५ अशी खाली आली. वर एका दिवसात, खाली तीन पावलांत.

हळू चालण्याचा तोटाही आहे, आणि तो २०२२ मध्येच दिसला. महागाई जानेवारीपासूनच ६ टक्क्यांच्या वर होती. कायद्याने ४ टक्क्यांचं लक्ष्य आणि वरची मर्यादा ६. पहिलं पाऊल पडलं मेमध्ये. एप्रिलची महागाई ७.७९ टक्के निघाली. लागोपाठ तीन तिमाही मर्यादा ओलांडल्यामुळे नोव्हेंबरमध्ये पतधोरण समितीची खास बैठक घेऊन रिझर्व्ह बँकेला सरकारकडे लेखी खुलासा द्यावा लागला. त्या वर्षीची पावलं पाव टक्क्याची नव्हती, बहुतेक अर्ध्याची होती, ती या उशिरामुळेच. गाडी सुटायच्या बेतात असली की जिना कोणी एकेक पायरी करून उतरत नाही. मला विचाराल तर पहिलं पाऊल फेब्रुवारीत पडलं असतं, तर मेची ती दुपारची घोषणा आणि नंतरचे तीन अर्धे टक्के, दोन्ही टळलं असतं.

आणखी एक अडचण जरा बारीक आहे. जेरेमी स्टाइन हे स्वतः फेडच्या संचालक मंडळावर होते. त्यांनी आणि आदी सुंदरम यांनी दाखवलं की हळू चालण्याचा बाजाराशी एक विचित्र खेळ सुरू होतो. रोखे बाजार घाबरू नये म्हणून बँक पाऊल छोटं करते. बाजाराला ते कळतं, म्हणून तो प्रत्येक छोट्या पावलाचा अर्थ मोठा लावतो. मग बँक पाऊल आणखी छोटं करते. शेवटी पाव टक्क्यालाही बाजार तितकाच हादरतो. हादरा कमी होत नाही, बँक मात्र मागे पडत जाते. आपल्याकडे दास यांनी २०१९ मध्ये पाव टक्क्याचा हा पाढा थोडा मोडायचा प्रयत्न केला. ऑगस्ट २०१९ मध्ये दर ०.३५ ने कमी झाला, तेव्हा डीलिंग रूममध्ये पहिली पाच मिनिटं लोक आकडा पुन्हापुन्हा वाचत होते.

जून २०२५ मध्ये हे सगळं उलट्या बाजूने दिसलं. फेब्रुवारीत आणि एप्रिलमध्ये पाव-पाव टक्का कमी झाला होता. बाजार आणखी एका पावाची वाट पाहत होता. ६ जूनला गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी एकदम अर्धा टक्का कमी केला, रेपो ५.५० वर आणला. पण त्याच भाषणात धोरणाचा पवित्रा 'सैल'वरून 'तटस्थ' केला आणि यापुढे दर कमी करायला फारसा वाव उरलेला नाही, असंही सांगितलं. पाऊल मोठं होतं, पण मागून येणाऱ्यांचा भरवसा काढून घेतलेला. पुढच्या काही आठवड्यांत दहा वर्षांचा दर उतरायच्या ऐवजी वर सरकला.

भाच्याचा फोन त्या दिवशीही आला. त्याचा दर अर्ध्या टक्क्याने उतरणार होता, तो खूश होता. "मामा, मग बातम्यांत रोखे बाजार नाराज का म्हणतायत?" मी म्हटलं, "तुझी गाडी आली रे. त्यांच्याकडे पुढच्या गाडीची घोषणा झाली नाही."